जमिनीवरून दिसलेली ट्राम

ऊना क्लिअरी या बाईंनी मेलबर्नच्या ट्राममध्ये सव्वीस वर्षं कंडक्टरकी केली, आणि त्या सव्वीस वर्षांत एकाही माणसाला फुकट बसू दिलं नाही, असं त्या स्वतः सांगतात. सिडनी रोडवरची जुनी खोडं वेगळंच सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अवघडलेल्या बायकांना, रडणाऱ्या पोरांना आणि देखण्या इटालियन गवंड्यांना क्लिअरीबाईंच्या ट्राममध्ये कायमची सूट होती. त्यातल्याच एका गवंड्याशी त्यांनी लग्न करायचं ठरवलं होतं म्हणे, पण ऐनवेळी टपालखात्यातला फ्रँक क्लिअरी आडवा आला. फ्रँकला जाऊन आता अकरा वर्षं झाली. बाई त्र्याऐंशीच्या आहेत, गुडघा एक स्वतःचा आणि एक धातूचा, आणि ब्रन्झविक उपनगरातल्या लाल विटांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. पुढच्या खोलीच्या खिडकीतून खाली सिडनी रोड आणि ट्रामचे रूळ दिसतात. मागच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसतं, अंगणापलीकडे फोतिनीबाईंची खिडकी दिसते. बाईंचं सगळं जग या दोन खिडक्यांच्या मध्ये.

हे जग यंदाच्या ईस्टरला जवळजवळ हातचं गेलं होतं. न्हाणीघरात बाई घसरल्या आणि अर्धी रात्र टबाला टेकून बसून राहिल्या. मुलगी बर्नाडेट, म्हणजे बर्नी, पर्थहून विमानाने धावत आली. देशाच्या दुसऱ्या टोकाहून. आली ती रडत नाही, यादी घेऊन आली.

"आई, तू माझ्याकडे यायचंस."

"पर्थला? पर्थला ट्राम नाहीत."

"आई!"

"ज्या गावाने असलेल्या ट्राम काढून टाकल्या, त्या गावात मी मरायलासुद्धा येणार नाही."

चार दिवस घासाघीस झाली आणि शेवटी तह झाला. बाईंच्या गळ्यात एक बटण आलं. ते दाबलं की घरातल्या बोळातल्या पेटीतून माणसाचा आवाज येतो, "काय झालं, मदत पाठवू का?" रोज सकाळी साडेआठला मदत-केंद्रातून स्वयंसेवकाचा फोन येणार. उचलला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा येणार, तोही उचलला नाही तर यादीतल्या माणसांना फोन जाणार, आणि कुणीच सापडलं नाही तर पोलीस दारात. यादी फ्रिजवर चुंबकाने लावलेली: डॉक्टर, गोळ्या, कशाची ॲलर्जी, आणि खाली नावं क्रमाने. पहिलं नाव फोतिनी काल्त्सास, कारण ती दोन मिनिटांत पोचते आणि तिच्याकडे किल्ली आहे. दुसरं बर्नी. एक किल्ली दाराबाहेर आकड्यांच्या कुलुपाच्या डबीत, ॲम्ब्युलन्सवाल्यांसाठी. बाईंनी आकडे ठेवले ते आपल्या कंडक्टरच्या बिल्ल्याचे. दाराची आतली साखळी बर्नीने स्वतः स्क्रू काढून उचकटली, कारण साखळी लावली की किल्लीचा काय उपयोग?

आणि निघताना बर्नीने टॅक्सीच्या दारात उभं राहून एक अट घातली. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण बाईंना ती यादीपेक्षा पाठ होती.

"अजून एकदा पडलीस ना आई, तर मी काही ऐकणार नाही. सामान बांधायचं."

तर असा बंदोबस्त. पण बंदोबस्त माणसांचा असतो, आणि माणसं म्हणजे काय, ते फोतिनीबाईंवरून कळतं.

फोतिनीबाई अठ्ठ्याहत्तरच्या, मूळच्या ग्रीसमधल्या कलामाताच्या, नवऱ्यामागे बावीस वर्षं काळे कपडे घालणाऱ्या. त्यांची आणि ऊनाबाईंची खूण ठरलेली होती: सकाळी आठला ऊनाबाईंनी स्वयंपाकघराचा गुंडाळीचा पडदा वर करायचा. फोतिनीबाई पलीकडे कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवून वाटच बघत असायच्या. पडदा वर गेला की त्या आपला पडदा खाली-वर करायच्या. झालं, दोघीही जिवंत. साडेआठपर्यंत वर गेला नाही तर किल्ली घेऊन जिना चढायचा.

खूण छान चालली होती. मग मे महिन्यात ऊनाबाईंनी दूध तापत ठेवलं आणि रेडिओवर फुटबॉलची चर्चा ऐकत बसल्या. भांडं जळून कोळसा. फोतिनीबाईंनी अंगणातून धूर पाहिला, धावत आल्या, खिडक्या उघडल्या, सगळं निस्तरलं. इथवर ठीक. पण रविवारी बर्नीचा फोतिनीबाईंना फोन आला तेव्हा बोलता बोलता त्यांनी ते बर्नीला सांगून टाकलं.

"चहाडखोर!" ऊनाबाई अंगण ओलांडून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

"तुझी मुलगी विचारते, मी काय देवासमोर खोटं बोलू?"

"देव कुठे होता फोनवर? बर्नी होती!"

त्या दिवसापासून दोघी बोलेनात. कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी समोरासमोर आल्या तर एक आकाशात बघायची, दुसरी चिमट्यांत. पण पडदा चालू होता. खरं सांगायचं तर भांडणात तो जास्तच काटेकोर झाला. मैत्रीण एखाद्या दिवशी विसरेल, वैरीण विसरत नाही.

मात्र जूनमध्ये ऊनाबाईंनी एक वाईट खोडी केली. दोन वेळा. मुद्दाम पडदा वर केला नाही. साडेआठला फोतिनीबाई सपाता फटफटवत, धापा टाकत, हातात किल्ली घेऊन दार उघडून आत आल्या, तर ऊनाबाई टेबलाशी व्हेजीमाइट लावलेला टोस्ट खात बसलेल्या.

"काय गं, कुठे आग लागली?"

दुसऱ्या वेळी फोतिनीबाई किल्ली मुठीत आवळून नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मग वळून गेल्या. त्या रात्री ऊनाबाईंना झोप लागली नाही, पण सकाळी माफी मागायला जायचं म्हणजे अंगण ओलांडायचं, आणि ते अंगण आयुष्यात कधी नव्हतं एवढं रुंद झालं होतं.

उरला ट्रेवर. मदत-केंद्रातला फोनवाला स्वयंसेवक. ट्रेवर लुडोवाइक, वय सत्तर, तरुणपणी कोलंबोहून आलेला, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. वाचनालयामागच्या खोलीत बसून रोज बारा जणांना फोन करायचा. इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं की क्लिअरीबाईंचा एक "फोनवरचा मित्र" आहे. बाई त्याच्या फोनआधी केस विंचरतात, हेही ठाऊक होतं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"कंडक्टरबाई, गुड मॉर्निंग. आहात का?"

"नाही, काल रात्रीच गेले. हे भूत बोलतंय."

"भुताला गोळ्या घेतल्या का म्हणून विचारायचं असतं का, ते फॉर्मवर नाही."

मग खेळ. फोन घेऊन बाई पुढच्या खिडकीशी जाऊन बसायच्या. पहिली ट्राम आली की तिच्या कपाळावर रंगवलेला नंबर वाचायचा. शेवटचा आकडा सम आला की बाईंनी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं आणि बसायचं, ट्रेवर मोजणार. हा व्यायाम दवाखान्यातून लिहून दिलेला. विषम आला की ट्रेवरने एक कडवं गाऊन दाखवायचं. आणि काय चमत्कार, हिवाळा लागल्यापासून सिडनी रोडवर नुसत्या विषम ट्राम धावत होत्या! ट्रेवर भूगोलाचा असला तरी एवढं गणित त्याला येत होतं. पण त्याला गायला आवडायचं, आणि घरी ऐकणारं कुणी नव्हतं.

जुलैतल्या बुधवारी पहाटे पावणेसातला ऊनाबाई पडल्या.

कारण सांगण्यासारखं काही नाही. स्वयंपाकघरातून न्हाणीघराकडे जाताना बोळात पाय मुरगळला, भिंत हाताशी आली नाही आणि बाई खाली बसल्या, मग आडव्या झाल्या. डोकं आपटलं नाही. घोटा दुखत होता आणि उजवं मनगट. पहिला विचार आला तो हाडांचा नव्हता. पहिला विचार आला, *बर्नी*.

गळ्यात बटण होतं. हात लावला तर हाताला लागत होतं. पण बटण दाबलं की पेटी बोलणार, पेटी बोलली की यादी, आणि यादीत बर्नी. अजून एकदा. सामान बांधायचं. पर्थची ती मागची खोली बाईंनी बघितली होती: खिडकीतून पोहण्याचा तलाव दिसतो आणि भिंतीपलीकडे नातू ड्रम बडवतो.

"उठू जरा वेळाने," बाई छताला म्हणाल्या. "थोडं थांबून उठू. घाई काय आहे?"

थांबून उठायला गेल्या. धातूचा गुडघा वाकेना, घोटा टेकवेना, हाताशी धरायला गुळगुळीत भिंत. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा अर्ध्या वर आल्या आणि मनगटाने कच खाल्ली. बोळातलं लिनोलियम बर्फासारखं थंड होतं. अंगावरच्या जाड झग्याच्या खिशात बिनतारी फोन होता, तोही कुणाला करणार? सगळी यंत्रं चालू होती, बंद पडल्या होत्या त्या बाईच.

आठ वाजले. रेडिओवर बातम्यांची धून ऐकू आली. बोळातून स्वयंपाकघराचा पडदा दिसत होता, खाली ओढलेला, कडेने उजेडाची एक रेघ. आता पलीकडे फोतिनी कॉफीचं भांडं ठेवत असेल. साडेआठला येईल. आली तर बर्नीला सांगेल, सांगणारच ती. न येवो.

आणि मग बाईंना कळलं की ती येणार नाही. कशी येईल? दोनदा तिला सपातांत पळवलं. तिसऱ्यांदा ती काय म्हणून येईल? पलीकडे भांडं घासत ती म्हणत असेल, *कर नाटकं, कर*. हे कळल्यावर बाईंना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. लिनोलियम जास्त गार लागायला लागलं.

साडेआठचा फोन दहा मिनिटं उशिरा खिशात वाजला.

"कंडक्टरबाई, गुड मॉर्निंग! आहात का?"

बाईंनी घसा साफ केला. सव्वीस वर्षं गर्दीच्या ट्राममध्ये "पुढे सरका" म्हणणारा गळा, वेळेला कामाला आला.

"आहे की. तू मेलास का, दहा मिनिटं उशीर?"

"झाला जरा. तब्येत?"

"घोड्यासारखी."

"चहा?"

"दोन कप झाले."

"मग, नंबर?"

खाली रस्त्यावर काहीतरी जड घरघरत गेलं. बाईंनी डोळे मिटले. "दोन हजार एकेचाळीस. चार मिनिटं उशीर. ड्रायव्हरला झोप आलेली दिसते."

मग ट्रेवर गायला. एकच ओळ गायला, तीही नेहमीपेक्षा हळू. "उद्या बोलू हं, बाई," म्हणाला आणि फोन ठेवला.

बाईंनी फोन छातीवर ठेवला. जमलं. फॉर्मवर टिकमार्क झाला असेल. आता कुणालाही कळायचं कारण नव्हतं, उद्या सकाळी साडेआठपर्यंत. उद्या सकाळी. बाईंनी तास मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. त्यांना तहान लागली होती. मघाशी ते दोन कप कशाला म्हटलं, असं वाटून गेलं. माणूस खोटं बोलताना निदान आपल्याला तहान लागेल असं तरी बोलू नये.

सहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. ट्रेवर एका दिवसात दोनदा कधीच फोन करत नसे.

"कंडक्टरबाई, मीच. एक विचारायचं राहिलं."

"गाणं विसरलास का?"

"मी आज बसने आलो."

"बरं मग?"

"म्हणून उशीर झाला. बस ट्रामच्या जागी सोडलीय." त्याचा आवाज भूगोल शिकवतानासारखा शांत होता. "सिडनी रोडचे रूळ पहाटेपासून उखडलेत, बाई. दहा दिवस एकही ट्राम नाही. तुम्हीच गेल्या आठवड्यात त्या नोटिशीवर अर्धा तास शिव्या घातल्यात."

नोटीस फ्रिजवर होती. यादीच्या शेजारी. बाईंनीच लावली होती.

सव्वीस वर्षं ट्रामवर काढलेली बाई, आणि खोटं बोलायला ट्रामच निवडली! त्यांना हसू आलं.

"ऊना," ट्रेवर म्हणाला. त्याने त्यांना नावाने हाक मारली ती पहिल्यांदाच. "खिडकीशी नाहीयेस ना?"

"नाही."

"कुठे आहेस?"

"बोळात."

"बसलीयस?"

"आडवी."

"कधीपासून?"

"पावणेसात."

पलीकडे त्याने श्वास आत घेतलेला ऐकू आला. "डोकं आपटलं? कुठे रक्त? हलताना कंबर दुखते?"

"नाही, नाही, आणि नाही. घोटा आहे. ट्रेवर, ऐक माझं. तू कुणाला कळवू नकोस. मी उठते. नुसतं तू बोलत राहा, मी उठते."

"दोन तास उठत्येयस."

"बर्नी मला घेऊन जाईल रे." आवाज गेला तो इथे. गर्दी हटवणारा तो गळा एकदम लहान मुलीसारखा झाला. "तिने सांगितलंय. अजून एकदा पडले की पर्थ. मला हे घर सोडायचं नाही. मला फक्त या दोन खिडक्या हव्यात, बाकी काही नको."

ट्रेवरने पलीकडे कागद उलटला. तो फॉर्म बघत असावा, किंवा भिंत. मग म्हणाला, "माझी बायको गेली तेव्हा मी शाळेत होतो. चौथीला नद्या शिकवत होतो. तिच्या हाताशी फोन होता. मला त्रास नको म्हणून तिने केला नाही." थांबला. "मी तुझ्यावर रागावलेलो नाही. पण मी आज फोन ठेवून नद्या शिकवायला जाणार नाही."

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"मला केंद्राच्या नियमाने आत्ता ॲम्ब्युलन्सला फोन करावा लागेल. करेनच. पण गळ्यातलं बटण तुझं आहे. तू दाबलंस तर 'ऊना क्लिअरीने स्वतः मदत मागितली' अशी नोंद होईल. मी आधी फोन केला तर 'ऊना क्लिअरी सापडली' अशी. लेकीला कुठलं सांगायला बरं वाटेल, ते तू बघ. मी लाइनवर आहे."

बाईंनी बटण शोधलं. अंगठा ठेवला. फ्रँक असता तर म्हणाला असता, तिकीट फाड आणि पुढे हो. त्यांनी दाबलं.

बोळातल्या पेटीने दोनदा पीं केलं आणि एका तरुण मुलीचा आवाज आला, "मिसेस क्लिअरी? मी मॉनिटरिंगमधून बोलतेय. काय झालं?"

बाईंनी सगळं सांगितलं. पावणेसातसुद्धा सांगितलं. मुलगी म्हणाली, उठायचा प्रयत्न करू नका, ॲम्ब्युलन्स पाठवते, डबीचे आकडे माझ्याकडे आहेत, पहिल्या नावाला आत्ता फोन करते, आणि मग मुलीलाही कळवायला हवं, तुमच्या फॉर्मवर तसं आहे.

"मुलीला मी सांगते," ऊनाबाई म्हणाल्या. "मीच सांगते."

"मग लगेच सांगा हं. पंधरा मिनिटांनी मी करणार."

पंधरा मिनिटं कुठली! दोन मिनिटांत जिन्यावर सपाता फटफटल्या. किल्ली फिरली. दारात फोतिनीबाई, एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात लोकरीचं पांघरूण, आणि श्वासाची तीच शिट्टी.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. जूननंतर पहिल्यांदाच.

"काय गं," ऊनाबाई जमिनीवरून म्हणाल्या, "कुठे आग लागली?"

"अगं मेले!" फोतिनीबाई किंचाळल्या आणि रडायला लागल्या. "मेले, मी पडदा बघितला! आठला बघितला, साडेआठला बघितला. म्हटलं, जाणार नाही. म्हटलं, पुन्हा मला पळवते, हसते. मी मुद्दाम बसले! कॉफी प्यायले मी! तू इथे, आणि मी कॉफी प्यायले!"

"मी जमिनीवर पडून तुला येऊ नको म्हणत होते. तेव्हा फिटंफाट झाली. उठव मला."

"नाही उठवणार! सांगितलंय मदत-केंद्राच्या बैठकीत, ओढायचं नाही म्हणून. ओढलं की हाड सरकतं." आणि अठ्ठ्याहत्तरच्या वयात, कुरकुर करत, भिंतीला धरत फोतिनीबाई खाली बसल्या. पांघरूण पसरलं, ऊनाबाईंच्या डोक्याखाली हाताची घडी ठेवली. "आता मला कोण उठवणार, तेही बघू."

"फोतिनी."

"काय."

"ते दोन वेळा... पडद्याचं. चुकलं माझं."

"चुकलंच. माझं पण चुकलं. तुला विचारून सांगायला हवं होतं बर्नीला." जरा थांबून, "सांगितलं असतंच पण."

छातीवरच्या फोनमधून ट्रेवरचा बारीक आवाज आला, "बायांनो, मी अजून आहे हं इथे."

"हा तो?" फोतिनीबाईंनी डोळे पुसले. "आवाज बरा आहे. लग्न झालंय का?"

"ठेव रे तू फोन," ऊनाबाई म्हणाल्या. "मला लेकीला करायचाय."

पर्थमध्ये सकाळचे सात वाजत होते. बर्नीने पहिल्याच रिंगला उचलला. सकाळी सातला मेलबर्नचा फोन म्हणजे काय, हे परगावी राहणाऱ्या लेकींना ठाऊक असतं.

"आई?"

"बर्नी, मी पडले. मी बरी आहे, फोतिनी शेजारी बसलीय, ॲम्ब्युलन्स येतेय. घोटा आहे नुसता."

"कधी?"

"आत्ता दहा मिनिटं झाली असतील..."

"पावणेसातला! पेटीतल्या पोरीने सांगितलं मला!" फोतिनीबाई फोनकडे तोंड करून ओरडल्या. "दोन तास! फोन खिशात, बटण गळ्यात, दोन तास!"

ऊनाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मे महिन्यात बघितलं होतं तसं बघायला गेल्या, पण डोकं त्याच बाईच्या हातावर टेकलेलं होतं, त्यामुळे ते नीट जमलं नाही. "हो," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "दोन तास. आणि फोन आला त्याला मी बरी आहे म्हणून सांगितलं."

"का?" बर्नी रडत होती. "आई, का?"

"अजून एकदा पडले की सामान बांधायचं, म्हणालीस ना."

पर्थहून नाक ओढल्याचा आवाज. "म्हणजे मी तुला दोन तास जमिनीवर झोपवलं."

"तू नाहीस गं, बाळा. मी."

"मी येतेय," बर्नी म्हणाली. "बोलू. पण आई, आत्ता काही ठरवत नाहीये मी. तू घाबरू नकोस."

ॲम्ब्युलन्सवाले दोघे आले, एक उंच पोरगी आणि एक टक्कल पडलेला. फ्रिजवरची यादी वाचली, दाब बघितला, ऊब आणली. जमिनीवर किती वेळ होता, असं पोरीने विचारलं तेव्हा ऊनाबाईंनी तोंड उघडायच्या आत फोतिनीबाईंनी दोन बोटं वर केली. हवेने फुगणारी उशी खाली सरकवून त्यांनी बाईंना अलगद बसतं केलं. मग त्याच उशीने फोतिनीबाईंनाही वर उचलावं लागलं, हा भाग इमारतीत अजून रंगवून सांगतात. दवाखान्यात फोटो काढले: घोटा मुरगळलेला, मनगटाला बारीक चीर. दोन तासांमुळे रक्त तपासलं, सलाइन लावलं, संध्याकाळी घरी सोडलं. रात्री फोतिनीबाई त्यांच्या सोफ्यावर झोपल्या आणि घोरल्या. आपण घोरतो, हे त्यांनी आजतागायत कबूल केलेलं नाही.

शनिवारी बर्नी आली. यादी घेऊन नाही आली. चार दिवस राहिली. आईबरोबर खिडकीशी बसून उखडलेल्या रुळांकडे बघितलं, फोतिनीबाईंकडे पालकाचं ग्रीक पॅटिस खाल्लं, ट्रेवरला फोन करून खूप वेळ हळू आवाजात बोलली. शेवटच्या दिवशी तिने फ्रिजवरच्या यादीखाली पेनने एक ओळ लिहिली, स्वतः सही केली, आईची सही घेतली, फोतिनीबाईंची साक्षीदार म्हणून घेतली:

*पडल्यास बटण दाबणे. पडणे गुन्हा नाही. लपवणे गुन्हा आहे.*

"आणि लपवलं तर?" ऊनाबाईंनी विचारलं.

"तर मी पर्थ सोडून इथे राहायला येईन. ड्रमसकट."

ऊनाबाईंनी ताबडतोब सही केली.

बोळात आता भिंतीला धरायची दांडी आहे. झग्याच्या लांब कडेची शिवण फोतिनीबाईंनी चार बोटं वर घेतली. ट्रेवर "बरी आहेस का" असं विचारत नाही. तो असंच काहीतरी विचारतो ज्याचं उत्तर जमिनीवरून देता येत नाही. आज फोतिनीच्या दोरीवर काय वाळतंय? समोरच्या बेकरीच्या पाटीवर काय लिहिलंय?

दहाचे चौदा दिवस झाले तेव्हा रूळ जोडले गेले. पहिल्या सकाळी ऊनाबाई आठला उठून पडदा वर करून, केस विंचरून पुढच्या खिडकीत बसल्या. फोतिनीबाई कॉफी घेऊन शेजारी. साडेआठला फोन.

"कंडक्टरबाई, गुड मॉर्निंग. ट्राम सुरू झाल्या म्हणतात. नंबर?"

खाली ट्राम थांब्यावर येऊन थांबली. बाईंनी मान पुढे काढली, नंबर वाचला, जरा विचार केला.

"दोन हजार तेरा. विषम. गा."

"नक्की तेरा?"

"त्र्याऐंशीची झाले म्हणून आंधळी झाले का?"

खाली थांब्यावर एक तांबूस टोपीवाला, बारीक मिशीचा म्हातारा नुकताच ट्राममधून उतरला होता. एका हाताने फोन कानाला, दुसऱ्या हाताने तो ट्रामच्या कपाळाकडे बोट दाखवत होता. तिथे ढळढळीत २०१२ लिहिलेलं होतं. त्याने वर खिडकीकडे बघितलं.

"खोटारडे," तो फोनमध्ये म्हणाला. "ऊठ. एक..."

"आग लागो," ऊनाबाई म्हणाल्या, आणि खुर्चीच्या हातांना हात न लावता उठल्या. फोतिनीबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून त्याला न्याहाळत होत्या.

"मिशी मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पण चपला नीट पुसून वर यायला सांग. कॉफी आहे."

"दोन," खालून आवाज आला.